मंगळवारी दीड वाजता तेलाचा रॅक रिकामा का होतो

प्रश्न: दादा, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १२०० फुटांचं सेल्फ सर्व्हिस दुकान टाकून आठ महिने झाले. मागे टिनाची १० बाय १२ ची खोली आहे, ती गच्च भरलेली असते. तरी मंगळवारच्या बाजाराला दुपारी रॅक रिकामे पडतात. उदाहरण सांगतो. सोयाबीन तेलाचं १ लिटरचं पाकीट, १२ चा बॉक्स. समोरून दोन ओळी, म्हणजे दोन फेसिंग आहेत, त्यांत २४ पाकिटं बसतात. बाजाराच्या दिवशी बारापर्यंत दहाएक जातात, दीडला जागा रिकामी, गर्दी ओसरल्यावर पाचनंतर पोरगा भरतो. कॉम्प्युटर म्हणतो मंगळवारी ३० विकली, बाकी दिवशी १२. बुकिंग सोमवारी संध्याकाळी, गाडी गुरुवारी संध्याकाळी. फेसिंग वाढवू, दुसरं गोडाऊन भाड्यानं घेऊ, की गाडी आठवड्यातून दोनदा मागवू?

उत्तर:

भाऊ, आधी तो ३० चा आकडा बाजूला ठेवा. तो गिऱ्हाइकांच्या मागणीचा आकडा नाही, तुमच्या रॅकनं जेवढं विकू दिलं त्याचा आहे. तुम्हीच दिलेल्या वेळा मांडून बघा. बारापर्यंत १० गेली, रॅकवर १४ उरली. ती दीड तासात संपली, म्हणजे भर बाजारात तासाला नऊ पाकिटांचा उठाव आहे. दीड ते पाच, साडेतीन तास जागा रिकामी. पाचनंतर भरल्यावर सहा गेली. १० अधिक १४ अधिक ६, झाले तुमचे ३०. आता त्या रिकाम्या साडेतीन तासांत तासाला नऊच्या हिशेबानं आणखी तीसेक पाकिटं गेली असती. खरी मागणी साठच्या आसपास आहे. म्हणजे बाजाराचा दिवस तुम्हाला वाटतो तसा अडीच दिवसांइतका नाही, तो पाच दिवसांइतका आहे.

साठ हा थोडा वरचा अंदाज आहे हे मान्य. काही गिऱ्हाइकांनी त्या वेळी दुसऱ्या कंपनीचं तेल घेतलं असेल, काहींनी अर्ध्या लिटरची दोन पाकिटं उचलली असतील. खात्री करायची तर एका मंगळवारी त्या एका जिनसेवर माणूस लावा, रॅक दिवसभर रिकामा होऊ देऊ नका आणि रात्री बिलं काढा. पन्नास निघो की पासष्ट, जो निघेल तो तुमचा खरा आकडा. पुढचा हिशेब मी साठ धरून करतो.

हा आकडा चुकला की सगळंच चुकतं, आणि चूक दिसत नाही. कॉम्प्युटर ३० वर ऑर्डर सुचवतो, माल कधी कमी पडत नाही, उलट मागे साचतो, आणि तुम्हाला वाटतं की ऑर्डर बरोबर आहे, फक्त पोरगा आळशी आहे. पोरगा आळशी नाही. माझ्याकडचा एक मुलगा अशाच दिवशी मला म्हणाला होता, "भाऊ, मांगं पेटी हाये, पण काटा सोडून काढाले जाऊ कसा?" खरं होतं त्याचं. साखर-डाळीच्या काट्यावर दहा बाया उभ्या, तीन फुटांच्या गल्लीत पिशव्या घेऊन माणसं, त्यातून पेटी डोक्यावर घेऊन येणार कुठून? आणि खेड्यावरून आलेली बाई थांबत नाही. तिला मजुरीचा चुकारा त्याच दिवशी मिळालेला असतो, काळीपिवळी पाचच्या आत भरून निघते, तेल नाही दिसलं की ती सगळी यादीच दुसऱ्या दुकानात घेऊन जाते.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २००२ साली ग्रुएन, कोर्स्टन आणि भारद्वाज यांनी निरनिराळ्या देशांतल्या दुकानांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी ८.३ टक्के जिनसा रॅकवर नव्हत्या, आणि त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शात माल दुकानातच होता, फक्त मागून पुढे आलेला नव्हता.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येऊ. लोक इथे एक गल्लत करतात. रॅकवर किती माल बसावा हे गाडीच्या खेपेवर ठरवतात. रॅकचा आणि गाडीचा थेट संबंध नाही. रॅक दोन भरण्यांच्या मधला खप झेलण्यासाठी असतो, आणि गोडाऊन दोन गाड्यांच्या मधला. दोन्ही हिशेब वेगळे ठेवले की फेसिंग किती, पेट्या किती, हे आपोआप सुटत जातं.

रॅकपासून सुरू करू. समजा तुम्ही ठरवलं की मंगळवारी सकाळी, बाराला आणि तीनला भरायचं. सर्वांत जड वेळ बारा ते तीन, त्यात २७ पाकिटं जातात. तीन फेसिंग केल्या, ३६ बसली, तर पुरायला हवं असं वाटतं. करून बघितलं तर पुरत नाही. बारा वाजता १० गेलेली असतात, २६ शिल्लक, जागा फक्त दहाची, आणि बॉक्स बाराचा. मुलगा बॉक्स आणतो, दहा लावतो, दोन उरतात. मग तो उघडा बॉक्स परत मागे जातो, किंवा तो मुलगा शहाणा असेल तर बॉक्स आणतच नाही. मग तीनच्या जरा आधी रॅक संपतो. तीच भरणी साडेबाराला केली, तर तोवर पंधराएक गेलेली असतात, अख्खा बॉक्स बसतो, आणि तीनपर्यंत दहाएक पाकिटं शिल्लक राहतात. म्हणजे फेसिंग तेवढ्याच, अर्ध्या तासानं फरक पडला. भरण्याची वेळ घड्याळ बघून ठरवू नका, एक पूर्ण बॉक्स बसेल इतकी जागा कधी होते ते बघून ठरवा.

चार फेसिंग केल्या तर ४८ बसतील आणि तीनपर्यंत हात लावावा लागणार नाही. पण मी तुम्हाला चौथी कायमची फेसिंग द्यायला सांगणार नाही. आठवड्याचे सहा दिवस रोज १२ जातात, त्या दिवसांना तुमच्या आजच्या दोन फेसिंगही भरपूर आहेत. एका दुपारसाठी सात दिवस जागा अडवायची, तर ती जागा चहापत्ती किंवा डिटर्जंटच्या पोटातून काढावी लागते.

तेलाला तीन कायमच्या फेसिंग द्या आणि बाजाराच्या दिवसापुरती थप्पी लावा. सोमवारी रात्री शटर अर्धं ओढल्यावर दोन बॉक्स बाहेर काढायचे, रॅकच्या टोकाला फळीवर एकावर एक ठेवायचे. वरच्या बॉक्सचं झाकण आणि पुढची भिंत अर्ध्यापर्यंत कापायची, म्हणजे पाकिटं दिसतात आणि घसरून पडत नाहीत. ब्लेड उथळ चालवा. कापताना पातं आत गेलं की पाकिटाला बारीक चीर पडते, लगेच कळत नाही, सकाळी खालचा पुठ्ठा तेलानं काळा झालेला दिसतो. तसा डाग दिसला की थप्पी उतरवून प्रत्येक पाकीट कोरड्या फडक्यानं पुसून बघायचं, ज्यावर पुन्हा तेल फुटतं ते बाजूला. आणखी दोन बॉक्स त्याच रात्री रॅकच्या सर्वांत खालच्या फळीच्या मागे सरकवून ठेवा.

आता मंगळवारी सकाळी रॅकवर ३६, थप्पीत २४, एकूण ६० समोर आहेत. तीन वाजेपर्यंत ३७ जातात, २३ उरतात. पाचपर्यंत आणखी १८. तीनला एकदा नजर टाकून खालचे दोन बॉक्स फक्त वर घ्यायचे, गोडाऊनचं दार उघडायची गरज नाही. गर्दीत दोन मिनिटांचं काम आहे. बुधवारी सकाळी थप्पी मोडा, उरलेलं रॅकवर घ्या. तिथेच राहू दिली तर आठ दिवसांत तिच्यावर टोपल्या आणि पाण्याच्या बाटल्या येऊन बसतात.

अशी थप्पी सगळ्या मालाला नको. माझ्या दुकानात बाजाराच्या दिवसाला दहा-बारा जिनसाच अशा आहेत: तेल, साखरेची १ आणि ५ किलोची पाकिटं, पाच-दहा रुपयांची बिस्किटं, चहापत्ती, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, वॉशिंग पावडर, मिठाची पुडी, पोहे, तिखट. बाकी माल मंगळवारी थोडा जास्त जातो, पण रॅक झेलतो.

हळू जाणाऱ्या मालाचा प्रश्न याच्या उलट आहे, आणि तुमची खोली गच्च का आहे त्याचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल. फिनाइलची बाटली घ्या. आठवड्याला तीन जातात, पेटी १२ ची. रॅकवर दोन फेसिंग, प्रत्येकीत एकामागे एक चार बाटल्या, म्हणजे आठ बसतात. पेटी आली की फार तर आठ रॅकवर जातात आणि चार उघड्या पेटीत मागे राहतात. त्या चार बाटल्यांसाठी एक अख्खी पेटी जागा अडवते. अशा पन्नास जिनसा झाल्या की पन्नास उघड्या पेट्या. मग तेलाचे बॉक्स त्यांच्या मागे जातात, आणि ते काढायला आधी चार पेट्या हलवाव्या लागतात, म्हणून बाजाराच्या दिवशी ते निघतच नाहीत. म्हणजे फिनाइलमुळे तेल संपतं. हे मला कळायला दोन वर्षं लागली होती.

यावर उपाय असा की हळू जाणाऱ्या मालाच्या रॅकवर एक पूर्ण पेटी आणि वर दोन-तीन नग बसलेच पाहिजेत. इथे १४ ची जागा करा, दोन बाटल्या उरल्या की एक पेटी मागवा, आली की अख्खी रॅकवर जाते. चार आठवड्यांत एक पेटी, आणि मागच्या खोलीत त्या जिनसेची जागा शून्य. जागा होत नसेल तर एजन्सीला अर्धी पेटी मागा, बरेच जण देतात. तेही जमत नसेल आणि माल महिन्याला चार-पाचच जात असेल, तर तो ठेवायचाच का हे एकदा बघा. रॅकचा माथा वापरता येतो, पण तिथे ठेवलेला माल त्याच रॅकचा असावा आणि पेटी उघडी नसावी. एका रविवारी खोलीतल्या सगळ्या उघड्या पेट्या बाहेर काढून मोजा. त्या किती आहेत ते पाहिल्याशिवाय दुसऱ्या गोडाऊनचा विचार करू नका.

आता गाडी. तुम्ही विचारलं एकदा की दोनदा. मी म्हणेन, आधी वार बदला.

सोमवारी संध्याकाळी बुकिंग देता, माल गुरुवारी संध्याकाळी येतो. सोमवारी दिलेली ऑर्डर कुठवर पुरायला हवी? पुढच्या सोमवारच्या ऑर्डरचा माल त्याच्या पुढच्या गुरुवारी येणार. म्हणजे उद्याच्या मंगळवारपासून पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत, दहा दिवस. या दहा दिवसांत दोन बाजार येतात. ६० चे दोन आणि १२ चे आठ, २१६ पाकिटं, १८ बॉक्स. वर राखीव लागतं, कारण बाजार कधी ४५ चा होतो, कधी ७५ चा. दोन बाजारांचा अंदाज एकाच वेळी बांधायचा म्हणजे चूकही मोठी होऊ शकते, म्हणून तीन बॉक्स राखीव. सोमवारी दुकानात असलेला आणि मागवलेला माल मिळून २१ बॉक्स व्हायला हवा.

हेच बुधवारी संध्याकाळी बुकिंग आणि शनिवारी संध्याकाळी गाडी असं केलं तर? गुरुवारपासून पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत, दिवस तेवढेच, दहा. पण बाजार एकच येतो. ६० आणि १२ चे नऊ दिवस, १६८ पाकिटं, १४ बॉक्स. राखीव दोन बॉक्स पुरतात, कारण कालचा बाजार तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला असतो, फक्त पुढच्या एकाचा अंदाज बांधायचा असतो. एकूण १६ बॉक्स.

यात एक गैरसमज होऊ शकतो, तो आधीच काढतो. २१ वरून १६ म्हणजे खोलीत पाच बॉक्स कमी होतील असं नाही. यातला काही माल गाडी यायच्या आधीच्या दिवसांत विकला जाणार असतो. गाडी रिकामी झाल्यावर दुकानात सगळं मिळून गुरुवारच्या पद्धतीत १४ बॉक्स दिसतील, शनिवारच्या पद्धतीत १३. फरक सगळ्यात जास्त पडतो तो माल पडून राहण्यात. गुरुवारी आलेला बाजाराचा माल पाच दिवस बसतो, शनिवारचा तीन. रोज रात्रीची शिल्लक काढून सरासरी धरली तर आज पद्धतशीर चाललात तरी ११८ पाकिटं पडून राहतील, वार बदलला की ९३. गाडी तेवढीच, भाडं तेवढंच, आणि दोन बॉक्सचा पैसा आणि जागा मोकळी. अशा वीस जिनसांना हे लागू केलं की तुमच्या खोलीत चालायला वाट होईल.

शनिवारी गाडी आल्यावर १३ बॉक्समधले तीन रॅकवर जातात, म्हणजे गोडाऊनमध्ये तेलासाठी दहा बॉक्सची जागा लागते. पाच-पाचच्या दोन थप्प्या, दाराजवळ, लाकडी फळ्यांवर. किती थर लावायचे ते बहुतेक बॉक्सवर छापलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका, खालचं पाकीट फुटतं. जुना बॉक्स वर आणि नवा खाली घ्यायचा कंटाळा येतो, तर निदान दोन थप्प्यांपैकी एक जुनी, एक नवी अशी ठेवा आणि जुनी संपल्याशिवाय नवीला हात लावू नका. खोली टिनाची आहे म्हणता, तर आपल्या उन्हाळ्यात तिथे चॉकलेट आणि तूप नको. ते जेवढं रॅकवर बसेल तेवढंच मागवायचं.

बुधवारचं बुकिंग करताना हिशेब साधा आहे. १६ मधून रॅकवरचे आणि मागचे मिळून जेवढे बॉक्स आहेत ते वजा करा. एखाद्या बुधवारी ६० पाकिटं उरली, म्हणजे पाच बॉक्स, तर ११ मागवा. बाजार मोठा झाला, ७८ गेली आणि ४२ च उरली, तर साडेबारा येतात, १३ मागवा. सुरुवातीच्या आठवड्यात ऑर्डर तुम्हाला मोठी वाटेल, कारण आजवर तुम्ही दबलेल्या खपावर मागवत होता.

एजन्सीच्या गाड्यांचे वार ठरलेले असतात आणि ते एका दुकानासाठी बदलत नाहीत, हे खरं. पण तुमच्या गावावरून शनिवारी किंवा शुक्रवारी दुसऱ्या कुठल्या मार्गाची गाडी जाते का हे सेल्समनला नाही, गोडाऊनवर बसणाऱ्या माणसाला विचारा. सेल्समनला त्याच्या बुकिंगच्या वाराशी मतलब असतो, गाडी कुठे अर्धी रिकामी जाते ते गोडाऊनवाल्याला माहीत असतं. शुक्रवारची गाडीही चालेल, बुधवारच्या बुकिंगला तीतही एकच बाजार येतो. फक्त सोमवारची गाडी घेऊ नका. कागदावर ती सगळ्यात छान दिसते, माल आला की दुसऱ्या दिवशी विकला. पण पावसात एक नाला भरला की गाडी मंगळवारी संध्याकाळी येते, आणि तोवर बाजार उठलेला असतो.

मग दोनदा गाडीचं काय? तेलासाठी तरी मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. शनिवारी आणि बुधवारी संध्याकाळी गाडी आली असं धरा. तरी शनिवारी रात्री रविवार ते बुधवार पुरेल एवढं हवंच: १२, १२, ६०, १२, म्हणजे ९६, वर राखीव २४, एकूण १२० पाकिटं, दहा बॉक्स. १३ चे दहा झाले, एवढंच. खप सगळा एका दिवसात एकवटलेला असला की खेपा वाढवून तो वाटला जात नाही. उलट प्रत्येक खेपेला एजन्सीची किमान बिलाची अट असते, ती भरायला तुम्ही नको तो माल उचलता, आणि गाडी उतरवायला मुलगा दोनदा काट्यावरून उठतो.

दोनदा गाडी हवी ती जागा खाणाऱ्या आणि रोज सारख्या जाणाऱ्या मालाला. कुरकुऱ्या, चिप्स, चिवड्याची मोठी पाकिटं. हवा भरलेली असतात, एक पेटी तेलाच्या तीन बॉक्सची जागा घेते, आणि शाळेच्या पोरांमुळे खप रोजचा असतो. तिथे खेप दुप्पट केली की खोलीतली जागा खरोखर निम्म्याच्या जवळ येते. दूध, दही, पाव रोजचेच, त्यांची चर्चा नको.

फेसिंगबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती तुमच्या दारात येणारच आहे. बिस्किटांचा सेल्समन येऊन म्हणेल, डोळ्यासमोरच्या फळीवर सहा फेसिंग द्या, महिन्याला अमुक पैसे किंवा माल फुकट. घ्यायला हरकत नाही, पण आधी बघा की त्या सहा ओळींसाठी कोणत्या जिनसेची जागा निघते आणि उरलेल्या जागेत तिची पूर्ण पेटी बसते का. बसत नसेल तर मागे आणखी एक उघडी पेटी तयार झाली. आणि कराराची मुदत बाजार-सणाच्या महिन्यांवर येणार नाही हे पाहा.

आता तुमचं निदान बरोबर आहे की नाही हे तपासायला एक शंभर पानी वही घ्या. मंगळवारी अकराला, दोनला आणि चारला पेन घेऊन दुकानातून एक फेरी मारा आणि जिथे रॅक रिकामा दिसेल तिथे जिनसेचं नाव लिहा. मग मागे जाऊन बघा आणि पुढे एक अक्षर टाका. माल मागे आहे तर ग. मागवलाय पण आला नाही तर य. मागवलाच नाही तर म. चार मंगळवारांनी अक्षरं मोजा. ग जास्त असतील तर फेसिंग, थप्पी आणि उघड्या पेट्या, म्हणजे वर सांगितलेलं पहिलं काम. य जास्त असतील तर गाडीचा वार आणि एजन्सी. म जास्त असतील तर खपाचा आकडाच चुकतोय. तुमच्या वर्णनावरून ग भरपूर येतील असं मला वाटतं, पण वही जे सांगेल ते खरं धरा.

कधी कधी चौथं अक्षरही लागतं. कॉम्प्युटर म्हणतो १९ नग आहेत, रॅकवर नाहीत, मागेही नाहीत. तिथे क लिहा. हे बहुतेक बिलिंगच्या टेबलावर घडतं. दोन वासांचे साबण एकाच बारकोडवर चारदा मारले, फुटलेलं पाकीट फेकलं पण नोंदवलं नाही, स्कीममध्ये गिऱ्हाइकाला दिलेले फुकट नग बिलात घेतलेच नाहीत. अशा मालाची ऑर्डर कॉम्प्युटर कधीच सुचवत नाही, कारण त्याच्या मते माल आहे. ओळखायची खूण सोपी आहे: रोज जाणारी जिन्नस दोन दिवस शून्य विकली आणि कॉम्प्युटरवर शिल्लक दिसते, तर जाऊन डोळ्यांनी बघा. आम्ही बुधवारी सकाळी, गर्दी नसते तेव्हा, फक्त त्या दहा-बारा बाजाराच्या जिनसा मोजतो. अर्धा तास लागतो, आणि त्याच संध्याकाळी बुकिंग असतं म्हणून ऑर्डर खऱ्या शिलकेवर जाते.

हे सगळे आकडे वर्षभर टिकणार नाहीत. पेरणीपासून पोळ्यापर्यंत हातात पैसा कमी असतो, तेव्हा अर्ध्या लिटरची पाकिटं, पाव किलोच्या पुड्या, शॅम्पूच्या लड्या जातात. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, मग कापसाची वेचणी सुरू झाली, की तोच माणूस ५ लिटरचा कॅन आणि १५ किलोचा डबा नेतो. १ लिटरच्या तीन फेसिंगमधली एक तेव्हा कॅनला द्यावी लागते. वर्षातून दोनदा, साधारण मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास, रॅक नव्यानं लावायचा. पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या लागून येतात, त्यात पावसाळा. येता पोळा तुमचा पहिला असेल तर मागच्या वर्षीची बिलं तुमच्याकडे नाहीत. तेव्हा चणा डाळ, गूळ, मैदा, रवा आणि तेल यांचा राखीव माल वाढवा आणि एक गाडी आधीची पकडा. हा माल उरला तरी पुढच्या बाजारात जातो. पूजेचं सामान, रंगीत सजावट मात्र हात राखून.

राहिलं दुसरं गोडाऊन. मी एकदा घेतलं होतं, दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, महिना भाडं फार नव्हतं. पहिल्याच बाजाराला मुलगा चहापत्तीची पेटी आणायला गेला तो पंचवीस मिनिटांनी आला, कारण किल्ली माझ्या खिशात होती आणि मी बँकेत. तिथे काय आहे हे हळूहळू कुणाच्याच लक्षात राहिना, इथे संपलं की नवीन मागवायचो. चैत्रात ते रिकामं केलं तेव्हा भिंतीकडच्या थप्पीमागे दिवाळीच्या उटण्याच्या दोन पेट्या आणि मुदत उलटलेल्या नूडल्सचा एक बॉक्स निघाला. आता माझं एकच गोडाऊन आहे, १२ बाय १४ चं, आणि त्याच्या दारावर बाजाराच्या जिनसांची यादी खडूनं लिहिलेली असते, पुढे बॉक्सचा आकडा. सोमवारी रात्री जो पेट्या काढतो तोच तो आकडा पुसून नवा लिहितो.